मनी मेली, हे सांगताना

आमच्या घरातली मनी गेल्या आषाढात, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेली. हे वाक्य मी मुद्दाम इतके सरळ लिहिते आहे, कारण माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकीसमोर नेमके हेच वाक्य उच्चारताना माझा आवाज फुटेना. मी रत्नागिरीत लहान मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. आजोबा किंवा आजी वारल्यानंतर गप्प झालेली मुले घेऊन पालक माझ्याकडे येतात, आणि मुलाशी मृत्यूविषयी कोणत्या शब्दांत बोलावे हे मी त्यांना सांगते. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या मुलीशी तेच बोलायची वेळ आली तेव्हा त्यातले काय जमले, काय चुकले आणि कोणती गोष्ट मला अजिबात सुचली नव्हती, ते इथे लिहिते.

आमचे घर गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मनी आठ वर्षांची, घरात मुरलेली मांजरी होती, आणि मी नवखी होते. लेक जन्मली तेव्हा पाळण्याखाली तीच बसून असायची. लेकीच्या दृष्टीने मनी ही आणलेली वस्तू नव्हती. आजी जशी होती, विहीर जशी होती, तशी ती आधीपासून होतीच.

चैत्रापासून मनी फार पाणी पिऊ लागली. विहिरीजवळच्या दगडी डोणीवर ती दिवसातून कितीतरी वेळा दिसे, आणि तरीही अंगाने सुकत चालली होती. बांगड्याच्या वासाने स्वयंपाकघरात धावत येणारी मांजरी समोर ठेवलेला तुकडा नुसता हुंगून मागे फिरू लागली. रत्नागिरीच्या पशुवैद्यांनी रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचे एक टाकाऊ द्रव्य, बरेच वाढलेले निघाले. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडे अशी हळूहळू निकामी होतात, आणि बाहेरून लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्यांची सुमारे दोन तृतीयांश शक्ती आधीच गेलेली असते, असे त्यांनी समजावून सांगितले. त्यानंतर दिवसाआड शंभर मिलिलिटर सलाइन तिच्या मानेमागच्या सैल कातडीखाली द्यायचे आम्ही घरीच शिकलो. बाटली उंच धरायचे काम लेकीचे होते, आणि ते ती फार मन लावून करी.

या कामामुळेच पहिले बोलणे मनीच्या मरणाच्या तीन आठवडे आधी झाले. एके संध्याकाळी सुई काढल्यावर लेकीने विचारले, "आता मनी बरी झाली का?" त्या क्षणी "होईल हं बरी" असे म्हणणे अगदी सोपे होते, आणि ते माझ्या ओठांवर आलेही होते. पण मूल जे काम करते आहे त्या कामाचा उपयोग काय, हे त्याला खरे सांगितले नाही, तर नंतर आपण काम नीट केले नाही म्हणून असे झाले, असे त्याला वाटू शकते. म्हणून मी तिला मांडीवर घेऊन सांगितले, "या औषधाने मनीला बरं वाटेल. पण ती बरी होणार नाही. तिच्या पोटात रक्त साफ करणारे दोन अवयव असतात, मूत्रपिंडं म्हणतात त्यांना. ती आता खूप म्हातारी झाली आणि ते काम करेनासे झाले. डॉक्टरांकडे ते दुरुस्त करायचं औषध नाही."

बरे वाटणे आणि बरे होणे या दोहोंतला फरक आपल्या भाषेत एका क्रियापदाने नेमका सांगता येतो, आणि लेकीला तो समजला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तिने, "आम्ही तिला बरं वाटायला पाणी देतो, बरी व्हायला नाही," असे सांगितले. ती हे फारशा दुःखाने बोलत नव्हती. या वयाच्या मुलाला बातमी कळणे आणि तिचा अर्थ उमगणे यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर कापायला त्याला जितके दिवस आधी मिळतील तितके बरे.

आषाढातल्या एका पहाटे मनी न्हाणीघरातल्या चुलीशेजारी, जिथे राखेची ऊब रात्रभर टिकते, तिथे मेलेली सापडली. शेवटचे दोन दिवस ती तिथून हलली नव्हती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि लेक झोपलेली होती. मला दोन गोष्टी ताबडतोब ठरवायच्या होत्या: लेक उठण्याआधी मनीला पुरून टाकायचे की तिला दाखवायचे, आणि सांगताना कोणता शब्द वापरायचा.

सासूबाईंचे मत होते की आधीच पुरावे, पोरीच्या नजरेला पडू नये. त्यांचा हेतू मायेचाच होता. पण मी अशी मुले पाहिली आहेत, ज्यांच्या घरातले जनावर ती शाळेत असताना नाहीसे झाले आणि संध्याकाळी "कुठे तरी गेलं" असे सांगण्यात आले. ती मुले महिनोन् महिने दारात वाट पाहत राहतात. असे अचानक नाहीसे होणे आणि मरणे यांत फरक असतो, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. म्हणून मी सासूबाईंना विनंती केली की लेक उठेपर्यंत थांबू, तिला विचारू, आणि तिला पाहायचे नसेल तर जबरदस्ती करणार नाही.

मेलेले शरीर काही तासांत ताठरते, त्यामुळे मनीला मी लगेच पाय जवळ घेऊन, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर, टोपलीत ठेवले. तिचे डोळे मिटेनात. मांजर मेल्यावर बहुधा डोळे उघडेच राहतात. आधी मला त्याचे वाईट वाटले, पण नंतर तेच बरे झाले असे वाटले, कारण मिटल्या डोळ्यांची, वेटोळे घातलेली मनी अगदी झोपल्यासारखी दिसली असती, आणि लेकीच्या मनात झोप आणि मरण यांची सांगड मला कोणत्याही परिस्थितीत घालायची नव्हती.

शब्दांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी बुडापेस्टमध्ये मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला होता, तो 1948 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे एक प्रकारचे दूर जाणे किंवा झोपणे वाटते, असे त्यांना आढळले. म्हणजे मोठी माणसे जे शब्द सौम्य म्हणून निवडतात, ते मुलाच्या मूळ गैरसमजालाच दुजोरा देतात. आपल्याकडे "गेली" म्हणतात. माझ्या लेकीचा बाबा मुंबईला नोकरीला आहे. तो दर वेळी जातो, आणि गणपतीला कोकण रेल्वेने परत येतो. तिच्या अनुभवात जो जातो तो येतो. "झोपली" म्हणावे तर त्या रात्री मुलाने कशाच्या भरवशावर डोळे मिटावेत? "आजारी होती म्हणून" एवढेच म्हणावे तर पुढच्या सर्दी-तापात ते घाबरते. राहिला "मेली" हा शब्द, जो उच्चारायला कठीण आहे, पण ज्याचा दुसरा अर्थ नाही, असे मला तेव्हा वाटत होते. त्याचा दुसरा अर्थ आमच्याच घरात रोज वापरला जात होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्याकडे नंतर येते.

मी ठरवलेल्या क्रमाने सकाळ उजाडली नाही. मी गड्याला बोलावायला पाणंदीच्या टोकापर्यंत गेले, तेवढ्यात लेक उठली आणि तिने मनीविषयी विचारले. सासूबाई एकट्या होत्या, त्यांचे मन भरून आलेले होते, आणि त्यांच्या तोंडून आले, "मनी देवाघरी गेली गो बाय." मी परत आले तेव्हा लेक माजघरात नव्हती. ती देवघरात होती. पाट उभा करून त्यावर चढली होती आणि देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या आणि बाळकृष्णाच्या मूर्तीमागे, हात घालून पाहत होती. मला पाहून ती म्हणाली, "इथे नाहीये."

मी तिला खाली घेतले. मी मनात तयार केलेले वाक्य त्या वेळी नीट आठवले नाही, पण शब्द तेच राहिले. "बाळा, मनी मेली. पहाटे मेली. मेली म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबलं. ती आता श्वास घेत नाही, तिला ऐकू येत नाही, भूक लागत नाही, काही दुखत नाही. आणि मेलेलं मांजर पुन्हा जिवंत होत नाही." एवढे बोलून मी थांबले. पुढे समजूत घालायची, काही तरी गोड जोडायची अतोनात इच्छा होत होती. पण या टप्प्यावर मोठ्यांचे जास्तीचे बोलणे बहुधा स्वतःच्या अस्वस्थतेसाठी असते, आणि त्यात मुलाचा प्रश्न बुडतो. तिने बराच वेळ माझ्या पदराशी चाळा केला. मग विचारले, "कुठे आहे?" मी म्हटले, "न्हाणीघरात, टोपलीत. बघायचं आहे का? नसेल बघायचं तरी चालेल."

तिला पाहायचे होते. जाण्याआधी मी तिला काय दिसेल ते सांगितले: डोळे उघडे असतील पण ती बघत नसेल, अंग थंड आणि कडक लागेल, हात लावायचा तर लाव. हे आधी सांगणे फार उपयोगी पडते, कारण मुलाला भीती वाटते ती न सांगितलेल्या गोष्टीची. तिने एका बोटाने कानाला स्पर्श केला, मग पाठीवर पूर्ण पंजा ठेवला. "थंड का लागते?" तिने विचारले. मी तिचा हात तिच्याच छातीवर ठेवला आणि म्हटले, "इथे हृदय धडधडतं ना, ते गरम रक्त सगळ्या अंगात फिरवतं. मनीचं हृदय थांबलं, म्हणून अंग गार झालं." तिने टोपलीतल्या मनीच्या छातीला कान लावला. ते मी सुचवले नव्हते. थोड्या वेळाने उठून ती म्हणाली, "आवाज नाही." त्यानंतर तिने विचारले की आज घावन आहेत का, आणि ती आजीमागे चुलीपाशी गेली.

सासूबाईंना ते लागले. "एवढी जिवाची मनी, आणि पोरीला खायचं सुचतं," असे त्या हळूच म्हणाल्या. पण लहान मुलाचे दुःख असेच येते. त्याला दुःखात फार वेळ उभे राहता येत नाही, म्हणून ते बाहेर येते, खाते, खेळते, आणि पुन्हा त्यात उतरते. घावन खाऊन झाल्यावर ती पुन्हा टोपलीपाशी जाऊन बसली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

त्याच सकाळी सासूबाईंशी माझे बोलणे झाले, आणि ते वादाचे झाले नाही याचे मला समाधान आहे. त्यांची श्रद्धा खरी आहे, आणि लेकीला ती त्यांच्याकडूनच मिळावी असे मलाही वाटते. मी त्यांना देवघरातले दृश्य सांगितले. त्या एकदम गप्प झाल्या. मग आम्ही असे ठरवले की आधी शरीराचे सांगायचे, कारण ते मुलाला हाताने तपासता येते. आणि ते पक्के झाल्यावर आजीने आपले म्हणणे आजीचे म्हणून सांगायचे. दुपारी त्यांनी नातीला सांगितले, "मनीचं अंग आपण मातीत ठेवणार. तिचा जीव देवाने घेतला असं मी मानत्ये. ते डोळ्यांना दिसत नाही हो." हा क्रम उलटा झाला की मूल मूर्तीमागे शोधत बसते.

पुरण्याची जागा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, फणसाखाली निवडली. आमच्या इथे वरची माती जेमतेम हातभर, आणि त्याखाली जांभा लागतो, त्यामुळे गड्याला पहारीने खणावे लागले. तरी दोन हात खोल गेल्याशिवाय मी थांबू दिले नाही. उथळ खड्डा पावसात धुपतो आणि कुत्री किंवा कोल्हे उकरतात, आणि मुलाने ते पाहिले तर आधीचे सारे सांगणे फुकट जाते. लेकीने अबोलीची फुले टाकली, पहिली माती टाकली, आणि वर जांभ्याचा चिरा ठेवताना "जड होईल तिला" अशी हरकत घेतली. मी पुन्हा सांगितले की मनीला आता जड वाटत नाही. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेले नव्हते.

ते संध्याकाळी कळले. पावसाची मोठी सर आली आणि लेक पडवीत दिसेना. ती मांगरात आजोबांचे जुने इरले ओढत होती. मनी भिजेल, तिला थंडी वाजेल, म्हणून ते चिऱ्यावर घालायचे होते. सकाळी ज्या मुलीने छातीला कान लावून "आवाज नाही" असे सांगितले होते, तीच संध्याकाळी इरले नेत होती. याला विसरणे म्हणत नाहीत. मरण म्हणजे परत न येणे, हे मुलाला एका बाजूने कळते. मेल्यावर शरीराला काहीच जाणवत नाही, हे निराळ्या बाजूने आणि बहुधा नंतर कळते. हृदय थांबते हे मान्य करूनही थंडी वाजणे थांबते, हे त्याला मान्य होत नाही. त्यामुळे एकाच दिवशी एकच उत्तर तीनदा द्यावे लागले तर ते आपले सांगणे फसल्याचे लक्षण नव्हे. मुलाने एकेक खोली उघडून पाहावी, तसे ते एकेक जाणीव तपासत असते.

इरले न्यायला द्यावे की नाही, याचा मला क्षणभर प्रश्न पडला. नेऊ दिले तर मनीला थंडी वाजते हे मी कबूल केल्यासारखे झाले असते. अडवले तर तिच्या मायेलाच अडवल्यासारखे झाले असते. मी विचारले, "थंडी कशाने कळते आपल्याला?" ती म्हणाली, "अंगाला." "आणि मनीचं अंग?" तिने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला नाही कळत. पण मला घालायचंय." हे उत्तर आल्यावर मी इरल्याचे दुसरे टोक धरले आणि आम्ही दोघी भिजत फणसाखाली गेलो. ते इरले तिथे चार दिवस होते. मग तिनेच ते परत आणून ठेवले.

पुढच्या आठवड्यात तिने बाहुली तांदळाच्या डब्यात पुरण्याचा खेळ सुरू केला. बाहुली मरायची, टोपलीत जायची, पुरली जायची, आणि पुन्हा बाहेर येऊन जेवायची. शेजारणींना हे अभद्र वाटले आणि मला तो खेळ बंद करायचा सल्ला मिळाला. मी बंद केला नाही. फक्त तांदळाऐवजी अंगणातली वाळू दिली, आणि खेळात काय बदलते त्याकडे लक्ष ठेवले. बाहुली तीन-चार दिवसांनी परत उठेनाशी झाली, आणि मग खेळच थांबला. तो तसाच न बदलता महिनाभर चालला असता, किंवा त्यात कोणी तरी शिक्षा म्हणून मरत असते, तर मी अधिक काळजी केली असती.

रात्रीचा प्रश्न आठव्या दिवशी आला, आणि तो येणारच होता. "आई, तू मरशील?" सासूबाई पलीकडच्या अंथरुणावरून म्हणाल्या, "असं वंगाळ बोलू नये गो." मी लेकीच्या केसांतून हात फिरवत म्हटले, "हो, सगळी माणसं आणि सगळी जनावरं कधी तरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मला वाटतं, तू मोठी होशील, तेव्हाही मी असेन." मी "कधीच मरणार नाही" असे म्हटले नाही, आणि "नक्की" हा शब्दही वापरला नाही. पण असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तत्त्वज्ञान नको असते. आपल्याला कोण सांभाळील, हे त्याला विचारायचे असते. म्हणून मी पुढे नावे घेतली: बाबा आहे, आजी आहे, रत्नागिरीची आत्या आहे, मामा आहे. तिने ती बोटांवर मोजली, एकदा पुन्हा मोजली, आणि झोपली.

इतके सगळे बऱ्यापैकी पार पडले, असे मला वाटत होते. तरी लेकीत एक बदल झाला होता, आणि तो मला उलगडत नव्हता. ती आजीपासून दूर राहू लागली होती. आजीने हाक मारली की दचकायची. सासूबाई एरवी रागाने किंवा लाडाने काही बोलल्या तरी ती मांडीवर जाऊन बसणारी मुलगी. आता ती त्यांनी तोंड उघडले की माझ्याकडे पाहायची. आजी म्हातारी आहे म्हणून तिच्या मरणाची भीती वाटत असेल, असा मी तर्क केला आणि त्या दिशेने दोनदा बोलून पाहिले. काही उपयोग झाला नाही, कारण तर्क चुकीचा होता.

बाराव्या दिवशी, तिला न्हाऊ घालताना, मी एक प्रश्न विचारला जो मी इतर पालकांना पहिल्याच आठवड्यात विचारायला सांगते आणि स्वतः विसरले होते. "तुला काय वाटतं, मनी कशाने मेली?" मी तिला मूत्रपिंडांविषयी एवढे सांगितले होते की उत्तर तिला ठाऊक आहे, असे मी धरून चालले होते. तिने तांब्या खाली ठेवला. डोळ्यांवर पाणी होते त्यामुळे ती रडते आहे हे मला आधी कळले नाही. ती म्हणाली, "मी तिला मेली म्हटलं म्हणून."

मनी मेली त्याच्या आदल्या दिवशी चुलीशेजारी तिने ओकारी केली होती. लेकीचा पाय त्यात पडला आणि ती ओरडली, "मेली कुठली!" हा शब्द तिला आजीकडून आलेला. आमच्या सासूबाईंच्या तोंडी तो दिवसातून वीस वेळा असतो. दूध सांडणारी मनी मेली, अंगणात घाण करणारी कोंबडी मेली, उशिरा येणारा गडी मेला. कोकणातल्या जुन्या बायकांच्या बोलण्यात त्यात रागापेक्षा मायाच जास्त असते. आणि मग दुसऱ्या दिवशी मी, त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही अशा समजुतीने, अगदी स्पष्टपणे सांगितले: मनी मेली. तिने दोन्ही एकत्र जोडले. तिने म्हटले आणि तसे झाले. आजी तर रोज म्हणते, तेव्हा आजी पुन्हा कधी कोणाला म्हणेल, आणि कोण मरेल, याची ती बारा दिवस वाट पाहत होती.

या वयाच्या मुलांना आपल्या मनातल्या विचाराने किंवा बोलण्याने जगात गोष्टी घडतात असे वाटते, हे मला पुस्तकातून आणि कामातून माहीत होते. त्यामुळे मृत्यूनंतर मूल मनातल्या मनात स्वतःला दोषी धरते का, हे पाहायचेच असते. पण मूल आपण होऊन ते सांगत नाही, कारण त्याला ती शंका वाटत नाही, खात्री वाटते. आणि खात्रीचा गुन्हा कोण कबूल करील? त्याच्या वागण्यातल्या एखाद्या विचित्र बदलावरूनच ते ओळखावे लागते, आणि "कशाने मेली असं तुला वाटतं" हा प्रश्न उघडा विचारावा लागतो. "तुझ्यामुळे नाही हं झालं" असे नुसते सांगण्याने भागत नाही. मी तेही तिथेच म्हटले, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मी तिला टॉवेलात गुंडाळून ओटीवर सासूबाईंकडे नेले आणि तिच्यासमोरच त्यांना सारे सांगितले. त्यांचे हात भाजी निवडता निवडता थांबले. मला वाटले त्या रडतील, किंवा मला म्हणतील की हे पोरीच्या डोक्यात तूच भरवलेस. त्यांनी तिला जवळ ओढले आणि विचारले, "मनी या घरात किती वर्षं होती?" लेक म्हणाली, "सोळा." "सोळा वर्षं मी तिला रोज मेली म्हणत्ये. रोज. मग ती पहिल्याच दिवशी का नाही मेली?" लेक विचारात पडली. "आणि तुझ्या बाबाला मी काय म्हणत्ये?" लेक हळूच म्हणाली, "मेल्या." "तो लहान होता तेव्हापासून म्हणत्ये. चाळीस वर्षं होतील आता. कर त्याला फोन."

फोन लागला. लेकीने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारले, "बाबा, आजी तुला मेल्या म्हणते?" तो म्हणाला, "हो, नेहमी." "मग तू मेलास का?" पलीकडे तो थोडा थांबला, कारण त्याला काहीच ठाऊक नव्हते, मग म्हणाला, "नाही बाळा, मी इथे आहे, डबा खातोय." तिने फोन माझ्याकडे दिला. मग मी ते राहिलेले वाक्य सांगितले, आणि आता ते आत जायला जागा होती: "शब्दाने कोणी मरत नाही. मनीची मूत्रपिंडं थांबली. तू ओरडली नसतीस तरी ती दुसऱ्या दिवशी मेली असती. आणि ओरडल्याचं तुला वाईट वाटतं, ते ठीक आहे. आवडत्यावरही आपण कधी कधी ओरडतो." तिने आजीच्या मांडीवर डोके ठेवले, आणि बारा दिवसांत प्रथमच ती तिथे झोपली.

सासूबाईंनी त्यानंतर तो शब्द टाकून दिला. मी त्यांना तसे सांगितले नव्हते, आणि सत्तर वर्षांची जिभेची सवय अशी मोडणे किती कठीण असते, हे त्यांच्या अर्धवट थांबलेल्या वाक्यांवरून रोज दिसे. श्रावणात एका सकाळी शेजारच्या बोक्याने खिडकीतून येऊन दुधाचे पातेले लवंडले. सासूबाई उठल्या, हातातले लाटणे उगारले, "मे..." एवढा उच्चार झाला आणि त्या थांबल्या. लेक ओटीवर चित्र काढत होती. तिने मान वर केली नाही. रंग भरता भरता ती म्हणाली, "म्हण आजी. त्याने काही होत नाही."